०.५० चा पत्रा खरोखर ०.५० चा आहे का?

प्रश्न: दोन खोल्यांच्या घरावर रंगीत पत्रा टाकायचा आहे. तीन दुकानांत चौकशी केली. तिघेही जाडी ०.५० मिलिमीटरच सांगतात, पण भावात बराच फरक आहे. स्वस्त देणारा फसवतो आहे की महाग देणारा? पत्रा कसा तपासावा आणि दुकानदार कसा पारखावा?

उत्तर:

तिघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. पत्र्याच्या धंद्यात '०.५०' हा आकडा तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि दुकानदार त्यांपैकी कोणत्या अर्थाने बोलतो आहे हे विचारल्याशिवाय भावांची तुलना करता येत नाही.

रंगीत पत्रा म्हणजे एकावर एक बसलेले तीन थर असतात. आत पोलाद, त्याच्या दोन्ही बाजूंना धातूचा लेप आणि त्यावर रंग. लेप पूर्वी निव्वळ जस्ताचा असे. आता घरांच्या छपरांसाठी बहुधा ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्रणाचा लेप वापरतात, ज्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३ टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन असते. हा लेप जाडीने सांगत नाहीत, दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम आहे असा सांगतात. १५० ग्रॅमचा लेप असेल तर त्याची जाडी एका बाजूला सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ०.०४ मिलिमीटर भरते. रंग वरच्या बाजूला अस्तरासह साधारण २५ मायक्रॉन आणि खालच्या बाजूला १० मायक्रॉन धरला, तर तोही ०.०३५ मिलिमीटर होतो. म्हणजे लेप आणि रंग मिळून ०.०७५ मिलिमीटर झाले. एकूण ०.५० मध्ये हा वाटा लहान नाही.

आता एक दुकानदार रंगासकट सगळ्याची जाडी ०.५० सांगतो. त्याच्या पत्र्यात पोलाद ०.४२५ मिलिमीटर आहे. दुसरा लेप धरतो पण रंग धरत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पोलाद ०.४६ आहे. तिसरा निव्वळ पोलादाचीच जाडी ०.५० सांगतो. तिघांच्या मालात भावाचा फरक असणारच आणि त्यात लबाडी काहीच नाही. म्हणून पहिला प्रश्न 'जाडी किती' असा न विचारता 'मूळ पोलादाची जाडी किती, लेप किती ग्रॅमचा, रंग धरून की सोडून' असा विचारावा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे. ज्याला हा प्रश्न कळत नाही किंवा जो 'सगळे सारखेच असते' म्हणून उडवून लावतो, त्याच्याबद्दल तेवढ्यावरच बरेच काही कळते.

लिहून घेतलेले पडताळायचे कसे? मायक्रोमीटर हे सोपे साधन आहे, पण ते एकूण जाडी सांगते आणि ०.०२ मिलिमीटरची चूक हाताच्या दाबानेही होऊ शकते. ते वापरायचेच असेल तर पत्र्याच्या सपाट भागावर, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत धरून मोजावे. कापलेल्या कडेला बारीक कंगोरा उठलेला असतो, त्यामुळे तिथे जाडी हमखास जास्त दिसते. विक्रेत्याने स्वतः कडेवरच माप घेऊन दाखवले तर ते माप मानू नये. घडीच्या वळणावरही माप घेऊ नये.

माझा भर मात्र वजनावर असतो. पोलादाची घनता ठरलेली आहे. १ मिलिमीटर जाडीचे १ चौरस मीटर पोलाद ७.८५ किलो भरते, आणि वजनकाटा कोणत्याही गावात मिळतो. त्यासाठी दोन मापे लागतात. पत्र्याची लांबी आणि पत्रा उलगडून सपाट केला असता जी रुंदी आली असती ती. घडीच्या पत्र्याची वरवरची रुंदी घेऊन चालत नाही, कारण पन्हळी पाडताना पत्रा आक्रसतो. एक सुतळी घ्यावी, पत्र्याच्या एका कडेला चिकटपट्टीने लावावी, प्रत्येक चढ-उताराला चिकटवत दुसऱ्या कडेपर्यंत न्यावी आणि मग ती सरळ करून मोजावी. बहुतेक वेळा ही लांबी १.२० किंवा १.२२ मीटर येते, कारण ज्या गुंडाळीतून पत्रा कापतात ती कॉइल त्याच रुंदीची असते. घडी पाडल्यावर तोच पत्रा जोडाचा भाग वगळून साधारण १ मीटर रुंदी झाकतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. घर ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, छप्पर दोन पाखी आहे आणि उतार १५ अंशांचा आहे असे धरा. अर्धी रुंदी ३ मीटर, त्यात वळचणीला ४५ सेंटिमीटर बाहेर काढले, तर उतारावरची लांबी ३.५७ मीटर येते, म्हणजे ३.६० मीटरचा अखंड पत्रा पुरतो. लांबीच्या बाजूला दोन्हीकडे ३० सेंटिमीटर बाहेर धरून ८.६० मीटर होतात, म्हणून एका पाखीला ९ आणि दोन्ही पाख्यांना १८ पत्रे लागतील.

उलगडलेली रुंदी १.२२ मीटर असेल तर एका पत्र्याचे क्षेत्रफळ ४.३९ चौरस मीटर आहे. पहिल्या दुकानदाराच्या पत्र्यात पोलाद ०.४२५ मिलिमीटर आहे, त्याचे वजन दर चौरस मीटरला ३.३४ किलो. त्यात लेपाचे ०.१५ आणि रंगाचे सुमारे ०.०५ किलो मिळवले की ३.५४ किलो होतात आणि अख्खा पत्रा १५.५ किलोच्या आसपास भरतो. याच हिशेबाने दुसऱ्या दुकानदाराचा पत्रा १६.७ किलो आणि तिसऱ्याचा १८.१ किलो भरला पाहिजे. आता चौथी शक्यता घ्या. पत्रा रंगासकट ०.४५ चाच आहे, पण ०.५० म्हणून विकला जातो आहे. तो १३.८ किलोच भरेल. एका पत्र्याला पावणेदोन किलोंची तफावत कोणत्याही काट्यावर लपत नाही, आणि अठरा पत्र्यांत मिळून ती सुमारे ३१ किलो होते. म्हणजे आपण ३१ किलो माल न घेता त्याचे पैसे दिलेले असतात.

वजन एकाच पत्र्याचे न करता आठ-दहा पत्र्यांचे एकदम करावे, म्हणजे काट्याची लहानसहान चूक विरून जाते. कारखान्यालाही जाडीत थोडी सूट मंजूर असते, त्यामुळे तीन-चार टक्क्यांच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तो दहा टक्क्यांपर्यंत गेला तर मात्र माल उतरवून घेऊ नये.

इथे वजनाच्या पद्धतीची एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण बरेच जाणकार म्हणवणारेही तिथे चकतात. वजनाने जाडीतली चोरी पकडता येते, पण लेपातली पकडता येत नाही. समजा पत्रा रंगासकट बरोबर ०.५० चा आहे, पण लेप १५० ऐवजी ७० ग्रॅमचाच आहे. लेपाची जाडी निम्म्याहून कमी झाली, ती जागा पोलादाने भरली, आणि पोलाद हे लेपाच्या दुपटीहून जड असल्यामुळे असा पत्रा काट्यावर १५.९ किलो, म्हणजे खऱ्या मालापेक्षा जास्त भरतो. काट्यावर पास झालेला, मायक्रोमीटरवर पास झालेला आणि हातालाही भरीव लागणारा हा पत्रा गंजतो मात्र सगळ्यांत आधी. स्वस्त रंगीत पत्र्याचे गुपित बहुतेक वेळा इथेच असते.

जाडी पत्र्याला बळ देते, आयुष्य नाही. आयुष्य लेप देतो. लेप संपला की खालचे पोलाद ०.४ असो वा ०.५, गंजायला सुरुवात झाल्यावर त्या फरकाने फारसे काही वाचत नाही. रंगाने हे काम होत नाही, कारण रंगाच्या थरातून पाण्याची वाफ आणि क्षार हळूहळू आत जातातच, आणि स्क्रूच्या भोकाशी व कापलेल्या कडेला तर रंग मुळात नसतोच. तिथे लेपातले जस्त स्वतः झिजून पोलादाला सांभाळते. जुने छप्पर जवळून पाहिले तर हे डोळ्यांनी दिसते. पाखीचा मधला भाग चांगला असतो आणि गंज धरतो तो वळचणीच्या कापलेल्या कडेला, दोन पत्र्यांच्या जोडात आणि स्क्रूच्या वॉशरभोवती. छपराच्या ज्या भागावर पावसाचे पाणी पोचत नाही, उदाहरणार्थ पुढे आलेल्या पाखीची खालची बाजू, तिथेही धूळ आणि क्षार धुतले न गेल्यामुळे लेप लवकर झिजतो. हे अनेकांना उलटे वाटते, पण ते तसेच आहे.

मग लेप ओळखायचा कसा? चुंबक लावून काही कळत नाही, कारण आत पोलाद असल्याने चुंबक सगळ्यांनाच चिकटते. लेप आणि रंग यांची मिळून जाडी दाखवणारे हाताएवढे यंत्र मिळते, आणि रंगकामाचे मोठे कंत्राटदार ते बाळगतात. ते पत्र्याच्या खालच्या बाजूला लावावे, कारण तिथे रंग पातळ असल्यामुळे फरक ठळक दिसतो. १५० ग्रॅमचा लेप असेल तर १० मायक्रॉन रंग आणि २० मायक्रॉन लेप मिळून ३० च्या आसपास आकडा येतो, ७० ग्रॅमचा असेल तर १९-२० वर थांबतो. एका ठिकाणी न लावता आठ-दहा ठिकाणी लावून सरासरी पाहावी. यंत्र मिळाले नाही तर कागदावर अवलंबून राहावे लागते, आणि तिथूनच दुकानदाराची पारख सुरू होते.

चांगल्या कारखान्याच्या पत्र्यावर खालच्या बाजूला ठरावीक अंतराने एक ओळ छापलेली असते. त्यात कारखान्याचे नाव, लेपाचा वर्ग, जाडी, पोलादाची प्रत आणि बहुधा तारीख किंवा कॉइलचा क्रमांक असतो. 'एझेड १५०' असे छापलेले असेल तर ते दर चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप असे वाचायचे. छपाई हा पुरावा आहे, पण अर्धवट. नावाच्या एखाद्या अक्षरात बदल केलेला नकली माल मी पाहिला आहे, आणि नुसते कारखान्याचे नाव छापून जाडी व लेप यांचा उल्लेख टाळलेला माल तर सर्रास असतो. ज्या ओळीत आकडेच नाहीत, त्या ओळीला जाहिरातीपलीकडे किंमत देऊ नये. छपाईच्या जोडीला कॉइलचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. कारखाना प्रत्येक कॉइलबरोबर ते देतो, त्यात प्रत्यक्ष मोजलेली जाडी, लेपाचे वजन आणि पोलादाची ताकद लिहिलेली असते. प्रमाणपत्रावरचा कॉइल क्रमांक पत्र्यावरच्या किंवा गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. एकच जुने प्रमाणपत्र झेरॉक्स करून प्रत्येक गिऱ्हाइकाला देणारे दुकानदार आहेत, आणि त्यांची लबाडी तारखेवरूनच उघडी पडते.

दुकानदाराची कीर्ती विचारताना लोक फॅब्रिकेटरला विचारतात. तो माहीतगार असतो हे खरे, पण कित्येकदा त्याला दुकानाकडून कमिशन असते, तेव्हा त्याचे मत ऐकावे आणि बाजूला ठेवावे. त्यापेक्षा दुकानदाराला एवढेच सांगावे की आठ-दहा वर्षांपूर्वी तुम्ही दिलेल्या पत्र्याचे एखादे घर दाखवा. जाऊन वळचण आणि जोड पाहावेत, घरमालकाशी बोलावे आणि वरचा रंग ओल्या बोटाने पुसून पाहावा. बोटाला खडूसारखी पूड लागली तर रंग उन्हाने विरतो आहे. थोडी पूड सर्वच साध्या रंगांना येते, पण पूर्ण फिका पडलेला आणि सोलपटणारा रंग वेगळा दिसतो. दुकानदार किती वर्षे धंद्यात आहे यापेक्षा तो बिलावर काय लिहायला तयार आहे हे मला महत्त्वाचे वाटते. मूळ जाडी, लेप, प्रत आणि कॉइल क्रमांक बिलावर लिहून देणारा आणि माल वजन करून घेऊ देणारा नवा दुकानदार, नुसत्या तोंडी हमीवर चालणाऱ्या जुन्या पेढीपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. हमीपत्र मिळत असेल तर ते दुकानाचे आहे की कारखान्याचे ते पाहावे. त्यातल्या अपवादांत समुद्राजवळची घरे, गोठे आणि कारखान्यांच्या धुराचा परिसर बहुधा वगळलेला असतो, म्हणून ते आधी वाचावेत.

पोलादाच्या प्रतीबद्दल थोडक्यात. छपराच्या पत्र्यात बहुधा दोन प्रकार दिसतात, एक ५५० मेगापास्कल ताकदीचे कडक पोलाद आणि दुसरे २४० ते ३०० चे मऊ पोलाद. कडक पोलादाचा ०.४५ चा पत्रा मऊ पोलादाच्या ०.५० पेक्षा पोचा पडण्याला जास्त विरोध करतो. तुकड्याचा कोपरा हाताने दुमडून सोडला की कडक पत्रा उसळून बराचसा परत येतो, मऊ पत्रा दुमडलेला राहतो. ही ढोबळ पारख आहे. खरा आकडा प्रमाणपत्रातच पाहावा.

पातळ पत्र्याचा दोष दिसतो तो स्क्रूपाशी. वारा छपराला वर उचलतो, आणि पत्रा पातळ किंवा पर्लिनमधले, म्हणजे पत्रा ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या आडव्या आधारांमधले अंतर जास्त असेल तर प्रत्येक झोतागणिक स्क्रूभोवतीचा पत्रा वर-खाली लवतो. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर डिसेंबर १९७४ मध्ये चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा केलेल्या तपासात हेच आढळले होते. पत्रे एका फटक्यात फाटले नव्हते, तर वारंवार लवून स्क्रूभोवती तडे गेले आणि मग पत्रे स्क्रूच्या डोक्यावरून निसटले. म्हणून जाडीचा विचार पर्लिनच्या अंतराशिवाय करता येत नाही. आपल्या उदाहरणात ३.६० मीटरच्या पत्र्याला चार पर्लिन घ्यावेत. पहिला आढ्यापासून १० सेंटिमीटरवर आणि पुढचे १.०५ मीटरच्या अंतराने, म्हणजे वळचणीला ३५ सेंटिमीटर पत्रा मोकळा राहील. आढे, वळचण आणि दोन्ही टोकांच्या भिंती इथे वाऱ्याचा ओढा सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथे स्क्रू प्रत्येक उंच घडीवर मारावेत, मधल्या भागात एकाआड एक चालतात.

आता कोणता घ्यावा? अशा घरासाठी माझी निवड रंगासकट ०.५०, म्हणजे मूळ पोलाद सुमारे ०.४२, लेप १५० ग्रॅम आणि प्रत ५५० अशी राहील. निव्वळ पोलाद ०.५० असलेला तिसऱ्याचा पत्रा उत्तम असेल, पण १.०५ मीटरच्या पर्लिनवर त्याचे जादा पैसे वसूल होत नाहीत. बजेट तोकडे असेल तर जाडी रंगासकट ०.४५ वर आणावी आणि पर्लिनचे अंतर ९० सेंटिमीटरच्या आत आणावे. लेप मात्र कमी करू नये. पातळ पत्र्याला पर्लिन वाढवून आधार देता येतो, लेपाची उणीव नंतर कशानेही भरून निघत नाही. समुद्र काही शे मीटरवर असेल तर लेपाच्या पत्र्याऐवजी निव्वळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा भाव काढावा. गोठा घराला लागून असेल तर त्या भागावर ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप टाळावा, कारण जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्याला लवकर खातो.

माल आल्यावर तो उघड्यावर एकावर एक रचून ठेवू नये. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरले की तिथे हवा लागत नाही आणि काही दिवसांतच लेपावर पांढरे किंवा काळे डाग पडतात. फळ्यांवर, एका टोकाला उंच करून आणि हवा खेळेल असे झाकून ठेवावा. कामगार ग्राइंडरने पत्रा कापू लागले तर लगेच थांबवावे, कारण त्याच्या उष्णतेने कडेचा लेप आणि रंग दोन्ही जळतात. कातरीने किंवा निबलरने कापावे. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी भुगा त्याच दिवशी मऊ झाडूने झाडून काढावा, नाहीतर पहिल्या पावसानंतर नव्या छपरावर तांबूस ठिपके दिसू लागतात आणि बिचाऱ्या दुकानदाराशी विनाकारण भांडण होते. भिंतीला गिलावा करताना ओला सिमेंटमाल पत्र्यावर सांडला तर तो वाळण्याआधी धुवावा, कारण सिमेंटचा अल्कधर्म लेपातल्या ॲल्युमिनियमला खातो.

वजन आणि छपाई तपासण्याचे काम गाडी दारात उभी असतानाच उरकावे. एकदा पत्र्याला भोके पडली की कोणताही दुकानदार तो परत घेत नाही. शेवटचा पत्रा कापताना छापील ओळ असलेला वीतभर तुकडा उरेल, तो बिल आणि प्रमाणपत्राबरोबर कोरड्या जागी ठेवून द्यावा. पुढे गंजाची तक्रार करायची वेळ आली तर छपरावरच्या पत्र्याची छपाई पर्लिनखाली झाकलेली किंवा पुसलेली असते, आणि कारखान्याचा माणूस पहिली मागणी त्या ओळीचीच करतो.